कार्ड एक, वाटा दोन. पण वाट निवडतं कोण?

अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींनी हा अनुभव घेतला असेल. किराणा दुकानात डेबिट कार्ड मशीनमध्ये खुपसलं की काही ठिकाणी स्क्रीनवर दोन पर्याय येतात, VISA DEBIT आणि US DEBIT. खातं एकच, बँक एकच, पैसेही तेवढेच जाणार. मग हा प्रश्न कशासाठी? बरेच जण वरचं बटण दाबून मोकळे होतात. त्या एका बटणामागे दुकानदार आणि कार्ड कंपन्या यांच्यात मोठं भांडण झालेलं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

गोष्ट २०१० च्या कायद्यापासून सुरू होते. डर्बिन दुरुस्ती या नावाने ती तरतूद ओळखली जाते. प्रत्येक डेबिट कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्क हवीत, आणि व्यवहार कुठल्या नेटवर्कवरून पाठवायचा हे दुकानदार ठरवेल, असं त्यात आहे. कारण सरळ आहे. नेटवर्कची फी दुकानदाराच्या खिशातून जाते. त्याच्यापुढे एकच वाट असेल तर त्या वाटेवरचा टोल कमी कशाला होईल?

चुंबकीय पट्टीच्या काळात हे सोपं होतं. कार्ड घासलं की मशीनला कार्ड नंबर मिळायचा. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कुठली नेटवर्क चालतात ते कळायचं आणि व्यवहार स्वस्त वाटेने जायचा. ऑक्टोबर २०१५ पासून मात्र चिप नसलेल्या मशीनवरच्या बनावट कार्डाच्या नुकसानीची जबाबदारी दुकानदाराकडे सरकली आणि चिपची मशीन झपाट्याने आली. चिपच्या कार्डात क्रम उलटा असतो. आधी वाट निवडायची, मग व्यवहार सुरू. म्हणजे निवडीचा क्षणच पुढे सरकला.

आता मशीनमध्ये काय घडतं ते बघू. चिपमध्ये छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. प्रत्येकाला एक ओळखक्रमांक असतो, त्याचं नाव एआयडी. मशीन आधी कार्डाला विचारतं, तुझ्याकडे काय काय आहे? कार्ड यादी देतं. अमेरिकेतल्या व्हिसा डेबिट कार्डाची यादी साधारण अशी असते:

```
A0000000031010   VISA DEBIT   1
A0000000980840   US DEBIT     2
```

पहिला क्रमांक व्हिसाचा जगभर चालणारा. दुसरा खास अमेरिकेसाठी, त्यातला 840 हा अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय देश-क्रमांक. मास्टरकार्डच्या कार्डांवर याच कामासाठी `A0000000042203` असतो. शेवटचा आकडा म्हणजे प्राधान्य, आणि तो बँकेने कार्ड बनवताना घातलेला असतो. मशीन ही यादी स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहतं आणि जुळलेले एआयडी बाजूला काढतं. दोन जुळले तर चिपच्या मूळ नियमाप्रमाणे एकतर ग्राहकाला विचारायचं, नाहीतर ज्याचा आकडा लहान तो आपोआप घ्यायचा.

इथेच खरी मेख आहे. आपोआप निवड झाली की १ नंबरचा, म्हणजे जागतिक एआयडी उघडतो. मग चिप त्याच अ‍ॅप्लिकेशनखाली व्यवहारावर गुप्त सांकेतिक सही करते आणि तो व्यवहार व्हिसाच्या घरातल्या वाटांनीच जाऊ शकतो. स्टार, पल्स, नाइस अशा स्पर्धक नेटवर्कचं दार बंद. ती दारं उघडतात फक्त दुसऱ्या, सामायिक एआयडीतून. कायद्याने दुकानदाराला दिलेला हक्क कार्डातल्या एका आकड्याने काढून घेतला. कायदा कुणी बदलला नाही, कुणी मोडलाही नाही!

ग्राहकाला विचारलं तरी फार फरक पडत नाही. व्हिसा हे नाव ओळखीचं, 'यूएस डेबिट' हे काय ते कुणाला ठाऊक नाही. हात ओळखीच्या नावाकडेच जातो. अशी स्क्रीन दाखवायला दुकानदारांना भाग पाडलं जातंय का, याची अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चौकशी केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये फेडरल रिझर्व्हने स्पष्ट केलं की नेटवर्कने आपल्या नियमांतून अशी सक्ती केली तर तो दुकानदाराच्या हक्कात अडथळा ठरेल. व्हिसाने आपले नियम स्पष्ट केले आणि चौकशी थांबली.

मग उपाय काय? मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जादा पायरी. दोन्ही एआयडी एकाच खात्याचे असतील तर जागतिक एआयडी यादीतून काढायचा आणि सामायिक ठेवायचा. पण 'एकाच खात्याचे' हे मशीनला कसं कळणार? त्यासाठी कार्डाच्या यादीत प्रत्येक एआयडीसोबत बँकेचा ओळखक्रमांक आणि देशाचा कोड दिलेला असतो. दोन्हीकडे तोच बँक क्रमांक आणि देश अमेरिका असेल, तर खातं एकच धरायचं. ही तपासणी न करता सामायिक सोडून बाकी सगळं उडवलं, तर एकाच चिपवर क्रेडिट आणि डेबिट अशी दोन वेगळी खाती असलेल्या ग्राहकाचं क्रेडिटच गायब होईल. त्याला वाटेल मशीन बिघडलं.

चाळीस डॉलरचं बिल घ्या. कार्ड मोठ्या बँकेचं. बँकेला मिळणाऱ्या शुल्काला २०११ पासून मर्यादा आहे: २१ सेंट, रकमेच्या ०.०५ टक्के म्हणजे इथे २ सेंट, आणि फसवणूक रोखण्याच्या खर्चापोटी १ सेंट. एकूण २४ सेंट. ही मर्यादा दोन्ही वाटांना सारखीच, फरक पडतो तो नेटवर्कच्या स्वतःच्या फीमध्ये. छोट्या बँकांच्या कार्डांना मर्यादाच नाही, तिथे फरक जास्त पडू शकतो. एका बिलावर काही सेंट, पण ज्या किराणा दुकानाचा नफाच मुळात बारीक, त्याने दिवसभराच्या बिलांना गुणून बघावं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पावतीवर सामायिक एआयडी दिसला म्हणजे व्यवहार स्वस्त वाटेनेच गेला, असं नाही. त्याने फक्त दारं उघडी राहतात, पुढची वाट दुकानदाराची सेवा कंपनी ठरवते. उलट जागतिक एआयडी दिसला तर मात्र बाकी दारं बंद झाली होती हे नक्की.

माझं मत सांगतो. अमेरिकेने हक्क दुकानदाराला दिला ते योग्य, कारण फी तो भरतो. पण ग्राहकाला सगळ्यातून बाहेर ठेवणं मला पटत नाही. युरोपीय संघाचा २०१५ चा नियम जास्त शहाणा वाटतो: दुकानदाराने मशीनमध्ये हवा तो क्रम आधी लावावा, पण ग्राहकाला तो बदलता आला पाहिजे. बँकेने कार्डात घातलेल्या आकड्याला शेवटचा शब्द देऊ नये.

आपल्याकडे बहुतेक डेबिट कार्डांवर देशातल्या व्यवहारासाठी एकच नेटवर्क असतं, म्हणून हा प्रश्न अजून दारात आलेला नाही. पावतीवर AID छापलेला असेल तर बघा, रुपेचा `A0000005241010` आणि व्हिसाचा वर दिलाय तोच. उद्या एका कार्डावर दोन नेटवर्क द्यायची चर्चा निघाली, तर 'दोन नेटवर्क असावीत' एवढं वाक्य पुरणार नाही. मशीनने कुठला एआयडी आधी घ्यायचा आणि तो बदलायचा हक्क कुणाचा, हेही त्याच नियमात लिहून घ्यावं लागेल.

दुकानदार मित्रांनी आपल्या पावत्यांवर काय छापून येतं ते कमेंटमध्ये जरूर सांगा. फक्त कार्ड नंबर टाकू नका.