कामावरून कमी केलं, पण नोटीस आणि पैसे कुठे? नव्या कायद्यात मुरबाड-शहापूरच्या कामगारांचं काय राहिलं, काय गेलं

मुरबाड / शहापूर : औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. तेव्हापासून मुरबाड एमआयडीसी आणि आसनगाव पट्ट्यातल्या गावांत एक समज पसरत आहे की आता कंपनी कोणालाही, कधीही, काही न देता घरी पाठवू शकते. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा माहीत नसला, तर हक्काचे पैसे बुडतात.

आधी बदल काय झाला ते पाहू. जुन्या १९४७ च्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. ती मर्यादा आता ३०० झाली. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्याला परवानगीचा अडसर उरला नाही. आपल्याकडच्या कामगाराचं खरं नुकसान इथे झालं.

पण नोटीस आणि भरपाई गेलेली नाही. संहितेचं कलम ७० सांगतं की एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं, तर कारण लिहून एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, नाहीतर त्या महिन्याचा पगार द्यावा. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील, तर तेही एक वर्ष धरायचं. कारखान्यात वीसच माणसं आहेत, हे कारण इथे चालत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एक कामगार १० जून २०१९ ला लागला आणि ३१ जानेवारी २०२६ ला कमी झाला. सेवा सहा वर्षं सात महिन्यांच्या वर, म्हणजे सात वर्षं. हिशेबात धरायचा पगार महिना १६,००० असेल, तर १५ दिवसांचे ८,०००. सात वर्षांचे ५६,००० झाले. नोटीस दिली नसेल तर आणखी १६,०००, म्हणजे एकूण ७२,०००. ग्रॅच्युइटी आणि पीएफ याच्यात येत नाहीत, ते वेगळे.

आता अडचणीचा मुद्दा. आपल्याकडे बरेच कामगार आवणीला आणि कापणीला बिनपगारी घरी थांबतात. मग 'तुझी सेवा सलग नाही' असं ऐकवलं जातं. कायद्याची मोजणी मात्र सोपी आहे. कमी केल्याच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं, तर ते वर्ष सलग धरतात. ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या काढल्या तर ३१३ उरतात. त्यातून शेतीचे ४० दिवस वजा केले तरी २७३ राहतात. पगारी सुट्ट्या तर कामाचे दिवस म्हणूनच मोजाव्या लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं आहे.

मात्र २४० दिवस भरल्याचं दाखवायची जबाबदारी आधी कामगारावर येते. पगार चिठ्ठी, बँकेचं पासबुक, पीएफची नोंद, हजेरी कार्डाचा फोटो जपून ठेवला पाहिजे. कंपनीचं हजेरी पुस्तक मागवण्याची विनंती कामगाराला करता येते.

पैसे 'नंतर देऊ' म्हटलेलं चालत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या दोन वॉर्ड नोकरांना भरपाई न देता कमी केलं होतं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कपातच बेकायदा ठरवली, कारण भरपाई ही कपातीची आधीची अट आहे. पण म्हणून प्रत्येकाला नोकरी परत मिळतेच असं नाही. अलीकडे रोजंदारीच्या कामगारांना न्यायालयं बऱ्याचदा एकरकमी पैसे देऊन प्रकरण मिटवतात.

सगळ्यात मोठा फटका सहीमुळे बसतो. 'हिशेब घे, इथे सही कर' म्हणून पुढे केलेला कागद राजीनामा असू शकतो. स्वतःहून नोकरी सोडली असं ठरलं, तर ती कपात राहत नाही आणि भरपाईही मिळत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर लागलेल्याची मुदत संपली, तरी ती कपात धरत नाहीत. म्हणून सहीआधी कागद वाचून फोटो काढावा. गेटवर अडवलं तर त्याच आठवड्यात 'मी कामावर यायला तयार आहे' असं पत्र रजिस्टर पोस्टाने कंपनीला पाठवावं आणि पावती ठेवावी. त्यानंतर कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. हे सगळं कमी केल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचं. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती, त्यामुळे 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणं आता महाग पडेल.