शेजारच्या फोनलाही ०८०?

सर्जापूर रोडवरच्या बऱ्याच घरांत फायबर इंटरनेटसोबत लँडलाइन येते आणि ती बहुधा आजी-आजोबांच्या खोलीत जाऊन बसते. त्या फोनवरून बंगळूरमधल्याच दवाखान्याच्या लँडलाइनला फोन करायचा, तर नुसता आठ आकडी नंबर पुरेसा असतो. ट्रायने ६ फेब्रुवारी २०२५ रोजी केलेली शिफारस लागू झाली, तर आधी ०८० लावावं लागेल. नंबर मात्र कुणाचाच बदलणार नाही. मोबाइलवरून फोन करणाऱ्यांनाही काही फरक नाही, कारण मोबाइलला स्वतःचं गावच नसतं. तिथून लँडलाइन लावताना शहराचा कोड आपण आधीपासूनच लावतो.

हे कशासाठी? लँडलाइनचे नंबर आज साधारण तालुक्याएवढ्या टापूला बांधलेले आहेत. एका टापूत ते संपत आले, तरी दुसरीकडे पडून असलेले वापरता येत नाहीत. ही बांधणी सैल करून नंबर राज्याएवढ्या सर्कलमध्ये वापरायचे, तर प्रत्येक कॉलला कोडसकट पूर्ण नंबर लागतो.

नंबर कमी पडणं नवीन नाही. साधारण २००२च्या सुमारास घरच्या नंबरामागे २ लावायला लागल्याचं आजोबांना नक्की आठवत असेल. आपण नंबर लांबवला. अमेरिकेत तसं केलं नाही, तिथे त्याच भागावर दुसरा कोड चढवतात. यालाच ओव्हरले म्हणतात. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात, तिथलंच उदाहरण घ्या. तिथे ७३२ हा कोड होता, २००१मध्ये त्याच भागाला ८४८ही दिला. आता समजा, एका घरी ७३२-५५५-०१४२ आणि शेजारी ८४८-५५५-०१४२. नुसतं ५५५-०१४२ दाबलं तर फोन कुणाकडे जायचा? फोन करणाऱ्याचाच कोड धरून चाला, असं एक्स्चेंजला सांगता आलं असतं. पण मग जुन्या कोडवाल्यांना आपसात सात आकडे पुरले असते आणि नव्या कोडवाल्याला बहुतेक सगळ्यांसाठी दहा लागले असते. नवा कोड बहुतेक वेळा नव्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला मिळतो, म्हणजे तिच्याकडे जाणार कोण? म्हणून ओव्हरले असेल तिथे सगळ्यांनीच दहा आकडे लावायचे, असा तिथल्या नियामकाचा नियम आहे. मला तो न्याय्य वाटतो.

आपल्याकडे अंतिम निर्णय दूरसंचार विभागाचा. नियम लागू झाला तर माणसं आठवड्याभरात शिकतील, अडचण यंत्रांची. स्पीड डायल, चोरीचा अलार्म, सोसायटीच्या लिफ्टमधला फोन यांत एकदा भरलेला आठ आकडी नंबर तसाच राहतो आणि कॉल लागत नाही, हे लिफ्ट अडकेपर्यंत कळतही नाही. मेंटेनन्सवाल्याला सांगून नंबर ०८० सकट भरून घ्या आणि लिफ्टमधलं बटण दाबून पलीकडे खरंच घंटी वाजते का, ते ऐका. ०८० लावून आजही फोन लागतोय असं दिसलं, तर वाट पाहायचीही गरज नाही.