‘दावा’ तिचा, ‘स्पष्टीकरण’ त्यांचे!

मैत्रिणींनो, बातमीची ही नेहमीची चाल पाहा : ‘नवरा मारतो, असा दावा तिने केला. हा घरगुती वाद असल्याचे पोलिसांनी स्पष्ट केले.’ खरे तर दोन्ही नुसती म्हणणीच. पण ‘दावा केला’ म्हटले की शंका येते, ‘स्पष्ट केले’ म्हटले की ते खरेच ठरते. पुराव्याशिवाय बातमीदाराने निकाल देऊन टाकला! क्रियापदांची अदलाबदल करून वाचा, बातमीच उलटते. गुन्हा शाबीत होईपर्यंत ‘आरोप’ लिहावे लागते, हे मान्य. मग पोलिसांच्या म्हणण्यालाही तीच सावधगिरी हवी. दोघांनाही साधे ‘सांगितले’ पुरे. आणि आपल्या अहवालांत ‘तिने निदर्शनास आणले, त्याने कांगावा केला’ असे असते का? तेही तपासू या.