फोटोतलं पोस्टकार्ड

या अंकातल्या कथेतली नात आजोबांच्या पोस्टकार्डाचा फोटो वाचते आहे. मूळ कार्ड उरलेलं नाही. निळी शाई विटलेली, कागद पिवळा. फोटोतला फक्त लाल रंगाचा थर ती काळ्या-पांढऱ्यात पाहते, तेव्हा शाई गडद दिसते आणि पिवळेपणा फिकटतो. पत्ता लागतो : मु. पो. मोखाडा, जि. ठाणे. म्हणजे बहुधा पालघर जिल्हा होण्याआधीचं, २०१४पूर्वीचं कार्ड. पिनकोड नाही. तो १९७२मध्ये आला, पण नंतरही अनेकजण तो लिहीत नसत, म्हणून ती वर्ष ठरवत नाही. हा सावधपणा मला फार आवडला. मैत्रिणीसाठी कार्डाचं अरबी भाषांतर करतानाही न लागलेल्या शब्दांच्या जागा ती रिकाम्याच ठेवते. कार्डातला जव्हारच्या मामाचा निरोप मात्र नीट पोचतो, कारण अरबीतही मामा आणि काका वेगळे आहेत.