जलयुक्त शिवार: कामं लाखोंनी झाली, पण पाणी वाढलं का? अहवाल असा तपासा

डिसेंबर 2014 मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. उद्देश होता 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करणं. सप्टेंबर 2020 मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. त्यात म्हटलं होतं की सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम अल्पच दिसला. मग खरं काय? प्रकल्प संपल्यावरचा कुठलाही अहवाल वाचताना इथेच थांबायचं असतं.

काम आणि परिणाम वेगळे

'इतके बंधारे बांधले' हे झालं काम. 'विहिरीला मे महिन्यात पाणी राहिलं' हा परिणाम. पहिल्यावरून थेट दुसरा गृहीत धरला, तर निष्कर्ष आकड्यांतून आलेला नसतो. बंधारा गाळाने भरला तरी यादीत तो 'पूर्ण'च दिसतो.

फरक पडला, पण कशामुळे?

कॅगच्या अहवालात टँकरचा आकडा 2017 मध्ये 3,368 होता, तो 2019 मध्ये 67,948 झाला. वाचून धक्का बसतो. पण आधी विचारा, हा आकडा गाड्यांचा की फेऱ्यांचा? शिवाय 2018 मध्ये पाऊस कमी झाला आणि 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यामुळे फक्त टँकरवरून योजना फसली असं म्हणता येत नाही. आणि 'पाऊसच कमी होता' एवढं बोलून सुटताही येत नाही.

मग करायचं काय? एक काल्पनिक उदाहरण बघा. ऑक्टोबरमध्ये दोन गावांच्या विहिरींत पाणी जमिनीपासून 5 मीटर खाली होतं. एका गावात कामं झाली, दुसऱ्यात नाही. नंतर कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच मोजलं, तर पहिल्या गावात पाणी 6 मीटरवर आणि दुसऱ्यात 8 मीटरवर गेलं. पहिलं गाव एकटंच पाहिलं तर काम वाया गेलं असं वाटेल. शेजारी ठेवलं की 2 मीटरचा फायदा दिसतो.

अर्थात दोन्ही गावांचा खडक, पाऊस आणि पिकं सारखी हवीत. जुन्नरमधलं माळशेज घाटाजवळचं मढ आणि पूर्वेकडचं कमी पावसाचं गाव अशी जोडी चालणार नाही. एका गावात ऊस वाढून उपसा वाढला असेल, तरी हिशेब चुकतो.

यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी कामी येतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाते.

'शिकलेला धडा' खरा की भरतीचा?

'विभागांत समन्वय वाढवावा' हा धडा कुठल्याही अहवालात चिकटवता येतो. खरा धडा काय चुकलं, किती चुकलं आणि पुढे कोणता नियम बदलणार, हे सांगतो. उदाहरणार्थ, बंधाऱ्यात गाळ साचत असेल तर तो कोण काढणार, कोणत्या महिन्यात आणि कुठल्या पैशातून, हे लिहिलेलं हवं.

2022 मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली. तुमच्या गावात कामं झाली असतील, तर ग्रामपंचायतीत फोटो आणि बिलांसोबत कामाआधीची विहिरीची पातळीही मागा. ती मोजलेलीच नसेल, तर नंतरच्या कुठल्याही आकड्याने 'पाणी वाढलं' हे सिद्ध होणार नाही.