वाटेवरचा मालही शिलकीत मोजावा

सावनेरच्या बाजारपेठेतील कापड दुकानदारास दोन चिंता नेहमीच्या असतात. माल संपला, तर गिऱ्हाईक जवळच्याच नागपूरला जाते; माल फार भरला, तर भांडवल फडताळात अडकून पडते आणि बँकेचे व्याज मात्र चालूच राहते. किती माल उरला असता मागणी नोंदवावी आणि ती कितीची, हा निर्णय अनेकदा अंदाजाने होतो. तो कागद-पेन्सिलीवर तपासता येतो.

उदाहरणादाखल सोलापुरी टॉवेल घेऊ. पुढील आकडे केवळ कल्पित आहेत. गेल्या दहा आठवड्यांचा खप डझनांत असा: ६, ७, ८, ८, ९, १०, १०, १२, १४, १६. सरासरी १० डझन. हे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत. प्रत्येक आठवड्यासाठी एक चिठ्ठी काढावी, तो त्या आठवड्याचा खप समजावा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकावी. शनिवारी रात्री शिल्लक मोजून मागणी नोंदवली, की माल तिसऱ्या सोमवारी सकाळी येतो, असे धरू. म्हणजे मधले दोन आठवडे असलेल्या मालावरच काढायचे.

नियम दोन पातळ्यांचा आहे. शिल्लक खालच्या पातळीवर किंवा तिच्याखाली आली, तरच मागवावे. आणि मागवताना वरच्या पातळीपर्यंतची तूट भरून काढावी. मात्र येथे शिल्लक म्हणजे दुकानातील माल अधिक मागवलेला पण अद्याप वाटेवर असलेला माल. आरंभीचा साठा ३५ आणि वरची पातळी ५० ठेवू.

दोन आठवड्यांचा सरासरी खप २०, म्हणून प्रथम खालची पातळी २० धरली. चिठ्ठ्या निघाल्या १२, ८, १४, ९, १०, ७, १६, ६. दुसऱ्या शनिवारी शिल्लक १५ राहिली आणि ३५ डझन मागवले; परंतु ते येण्यापूर्वीच चौथ्या आठवड्यात ८ डझनांचे गिऱ्हाईक परत गेले. आठव्या आठवड्यात आणखी ४ डझनांचे गेले.

चूक कोठे झाली? पहिल्या शनिवारी शिल्लक २३ होती. ती २० च्या वर असल्याने मागणी नोंदवली नाही. पुढची मोजणी आठवड्याने, आणि माल त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे त्या २३ डझनांवर तीन आठवडे काढायचे होते. म्हणून खालची पातळी किमान तीन आठवड्यांच्या खपाइतकी, ३० हवी. त्याच चिठ्ठ्यांवर ती अशी चालते:

| आठवडा | खप | दुकानात | वाटेवर | एकूण | मागवले |
|---|---|---|---|---|---|
| १ | १२ | २३ | ० | २३ | २७ |
| २ | ८ | १५ | २७ | ४२ | – |
| ३ | १४ | १ | २७ | २८ | २२ |
| ४ | ९ | १९ | २२ | ४१ | – |
| ५ | १० | ९ | २२ | ३१ | – |
| ६ | ७ | २४ | ० | २४ | २६ |
| ७ | १६ | ८ | २६ | ३४ | – |
| ८ | ६ | २ | २६ | २८ | २२ |

एकही गिऱ्हाईक परत गेले नाही. शनिवारच्या शिलकीची सरासरी पहिल्या वेळी साडेदहा डझन होती, ती आता साडेबारांच्या थोडी वर गेली. म्हणजे सुमारे दोन डझन अधिक साठ्यात १२ डझनांची विक्री वाचली. मागण्या मात्र दोनऐवजी चार झाल्या. वाहतुकीचा खर्च त्या मानाने वाढतो, तो हिशेबात धरावा.

आता ‘वाटेवर’ हा रकाना गाळून केवळ फडताळाकडे पाहून मागवले, तर काय होते? पहिल्या शनिवारी २७, दुसऱ्या शनिवारी ३५, तिसऱ्या शनिवारी दुकानात एकच डझन दिसतो म्हणून ४९, चौथ्या शनिवारी ३१. मग हा सारा माल एकापाठोपाठ येऊन थडकतो आणि सातव्या शनिवारी दुकानात १०१ डझन साचतात. दहा आठवड्यांचा माल! खप तोच, पातळ्या त्याच. चुकली ती केवळ मोजणी. आधी टंचाई आणि लगेच ढीग असे वारंवार होत असेल, तर प्रथम हाच दोष तपासावा.

अशा दोन पातळ्यांच्या नियमाचा अभ्यास अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी १९५१ मध्ये मांडला. प्रत्येक मागणीमागे ठराविक खर्च येत असेल, तर हा नियम सर्वांत किफायतशीर ठरतो, हे १९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फ यांनी सिद्ध केले.

तथापि आठ चिठ्ठ्यांवर विसंबू नये. वरील कोष्टकात तिसऱ्या शनिवारी दुकानात एकच डझन उरला होता. चौदाऐवजी सोळाची चिठ्ठी निघती, तर माल कमी पडता. म्हणून पाच-सहा वेळा नव्याने चिठ्ठ्या काढाव्यात, नंतर खालची पातळी ३५ करून त्याच चिठ्ठ्यांवर पुन्हा मांडणी करावी. वाढलेल्या साठ्याचे व्याज वाचलेल्या विक्रीच्या नफ्याहून अधिक होऊ लागले, की तेथे थांबावे.

चिठ्ठ्या भरताना एक दक्षता हवी. वहीत विक्री असते, मागणी नसते. माल नसताना परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद केली नाही, तर चिठ्ठीवरचा आकडा लहान पडतो आणि त्यावरून ठरवलेली पातळीही तोकडी राहते. लग्नसराईच्या आणि पावसाळ्याच्या चिठ्ठ्याही एका डब्यात मिसळू नयेत. हंगाम बदलला, की डबा बदलावा.