‘खूप कष्ट घेतले’ म्हणजे नक्की काय केलं?

मैत्रिणींनो, मार्च महिना आला की पापडाच्या पिठाबरोबर आमच्या घरात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे शाळेचा स्वयंमूल्यमापनाचा कागद. ‘वर्षभरातील आपली उल्लेखनीय कामगिरी’ असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली चांगली हातभर जागा रिकामी! मी अर्धवेळ शिक्षिका. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, मिळाले तर किती, हे ठरवताना हाच कागद पुढ्यात घेतला जातो.

गेल्या वर्षी मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘मुलांसाठी मनापासून कष्ट घेतले. प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिले. अध्यापन आनंददायी केले.’ आमच्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बाई, ही तीन वाक्यं माझ्याकडच्या सगळ्याच कागदांवर आहेत. तुमचं नाव झाकलं, तर कागद कुणाचा ते कळेल का?” रागच आला होता मला. त्या वर्षी माझे दोन तास कमी झाले. घरी येऊन यांच्याजवळ कुरकुरले, तर हे म्हणतात, “वाण्याच्या वहीत तू कधी ‘पुष्कळ साखर दिली’ असं लिहू देशील का?” मुकाट्यानं भाजी चिरायला बसले. पण पटलं.

तर यंदा काय केलं ते सांगते. अगदी पहिली गोष्ट म्हणजे मार्चचा कागद मी जुलैतच लिहायला घेतला! हसू नका. आरंभी मूल कुठे होतं याची नोंद नसेल, तर शेवटी ते कुठे पोचलं हे सांगायला तोंडच राहत नाही. चौथीचा मराठीचा वर्ग माझ्याकडे, पटावर ४१ मुलं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून मुलांचं वाचन तपासतात, ती रीत मी घेतली. एकेका मुलाला बाजूला बसवायचं, इतरांच्या कानावर पडणार नाही असं. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. अडखळत सुटे शब्द न वाचता वाक्य म्हणून वाचलं आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर पुढची लहानशी गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही, तर शब्द आणि तेही नाहीत तर अक्षरं. पाचांपैकी चार बरोबर आली की ती पायरी त्याची. एका मुलाला पाचेक मिनिटं पुरतात. रोज चार-पाच मुलं घेतली, तर दोन आठवड्यांत वर्ग संपतो. तारीख घालून वहीत लिहून ठेवायचं.

मार्चमध्ये पुन्हा तसंच केलं. उतारे मात्र नवे, तेवढेच सोपे. जुनाच उतारा दिला, तर मुलं पाठ म्हणतात आणि आपण वाचन समजून खूश होतो!

आता आकडे. वर्षात दोन मुलं शाळा सोडून गेली, म्हणून दोन्ही वेळा हजर असलेल्या ३९ मुलांचाच हिशेब धरला. जुलैत गोष्ट वाचणारी १४, परिच्छेदावर १०, शब्दांवर ९ आणि अक्षरांवर ६. मार्चमध्ये गोष्ट वाचणारी २७, परिच्छेदावर ८, शब्दांवर ३ आणि अक्षरांवर १.

झालं! मला वाटलं, आता लिहावं, ‘गोष्ट वाचणारी मुलं माझ्यामुळे १४ची २७ झाली.’ पण वही नीट चाळली, तेव्हा जीभ चावली. जी १० मुलं परिच्छेदावर होती, त्यांच्यातली ९ गोष्टीपर्यंत गेली होती. त्यांच्यासाठी मी वेगळं असं काहीच केलं नव्हतं. मुलं वयानं वाढतात, वर्गशिक्षिका शिकवतात, घरी आई अभ्यासाला बसवते. ते सगळं मी आपल्या पदरात कसं घालू?

मी वेगळं केलं होतं ते शब्द आणि अक्षरांवरच्या १५ मुलांसाठी. आठवड्यातून तीन दिवस, तासाची पहिली वीस मिनिटं, त्यांना पुढे घेऊन पाट्यांवर शब्द जुळवणं आणि छोटी वाक्यं मोठ्यानं वाचून घेणं. तेवढा वेळ बाकीची मुलं लेखन करत. या १५ पैकी ११ मुलं परिच्छेद किंवा गोष्टीपर्यंत आली. म्हणून शेवटी कागदावर असं लिहिलं:

‘जुलैच्या तपासणीत चौथीतील १५ मुले परिच्छेद वाचू शकत नव्हती. त्यांचा आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे वेगळा सराव घेतला. मार्चमध्ये त्यांपैकी ११ मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचतात. चार मुले अजून मागे आहेत. त्यांतील एक अक्षरांवरच असून तो वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस गैरहजर होता. नोंदवही सोबत जोडली आहे.’

सहाच वाक्यं. पण आरंभी काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं आणि काय राहिलं, हे सगळं त्यात आलं. टक्के मुद्दामच लिहिले नाहीत. ‘७३ टक्के यश’ हे भारदस्त दिसतं खरं, पण १५ मुलांत एक मूल इकडचं तिकडे झालं की सहा-सात टक्के हलतात. थोडी माणसं असतील तिथे डोकी मोजावीत, हे बरं.

आणखी एक फसगत सांगते. मी आधी लिहिलं होतं, ‘वर्षात शंभराच्या वर सराव-तास घेतले.’ आकडा आहे, म्हणून वाटलं, जमलं! पण तो माझ्या कष्टांचा आकडा झाला. मुलांच्या पदरात काय पडलं ते त्यातून कळतच नाही. असा आकडा एकटा लिहू नये, त्याच्यापुढे ‘मग काय झालं?’ याचं उत्तर यायला हवं.

ज्यांनी जुलैत नोंद केलेली नाही, त्यांनी काय करावं? मुलांच्या तारीख घातलेल्या जुन्या वह्या, चाचणीचे पेपर, हजेरीपट काढून बघा, काहीतरी सापडतंच. फक्त सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या गुणांची तुलना करू नका. दोन्ही पेपर सारखेच अवघड होते असं छातीवर हात ठेवून आपण सांगू शकत नाही. आणि काहीच सापडलं नाही, तर आठवून आकडा रचू नका. केलेलं काम तेवढं साधेपणानं लिहा आणि येत्या जूनमध्ये नवी वही घाला.

यंदा मोठ्या बाई कागद वाचताना त्या चार मुलांच्या ओळीपाशी थांबल्या. मला धस्स झालं. पण त्यांनी विचारलं, “हा गैरहजर राहणारा मुलगा कोण? त्याच्या घरी कुणी गेलंय का?” कुणीच गेलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. धाकटी बहीण सांभाळायला तो घरी राहत होता. आता बहिणीला अंगणवाडीत घालायचं त्याच्या आईनं कबूल केलंय, बघू या.

माझे दोन तास परत मिळाले. एक तास तिसरीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी आहे. वही आणून ठेवली आहे, पहिल्या पानावर तारीख तेवढी घालायची राहिली आहे.